रात्री अडीचला उपयोगी पडेल असा कागद

जैनाबादहून तापी ओलांडून बऱ्हाणपुरात समुपदेशनाला येणारे एक केळी-बागायतदार आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास. ओळख पटू नये म्हणून मी दोन-तीन रुग्णांचे तपशील एकत्र केले आहेत. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. मनात आत्महत्येचे विचार येतात हे त्यांनी समुपदेशक ताईंना स्वतःहून नाही, पण थेट विचारल्यावर सांगितलं. असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं होतं. तेव्हा घरच्यांनीही आडवळण न घेता विचारावं.

ताईंच्या वहीतल्या नोंदी अशा होत्या: "झोप तुटते, रात्री अडीचला उठून ओट्यावर बसतात. ताट सरकवतात. कर्जाचा विषय निघाला की गप्प. 'माझ्याविना यांचं बरं चालेल.' करमेनासं झालं की एकटे नदीवर जातात. फवारणीचं औषध घरामागच्या खोलीत. लहान भाऊ लूमवर, रात्रपाळी. मामांचं ऐकतात. गोळ्यांचं पाकीट उशाशी. दारू कधीमधी."

नोंदी चांगल्या आहेत, पण त्या डॉक्टरांसाठी आहेत. रुग्णाला रात्री अडीचला या वहीचा काही उपयोग नाही. म्हणून त्याच नोंदींतून एका पानाची सुरक्षा योजना करायची. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकी मानसतज्ज्ञांनी तिच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत. आत्महत्येच्या विचाराची तीव्र लाट बऱ्याचदा थोड्या वेळानं ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस सुखरूप राहावा, एवढंच या कागदाचं काम. रुग्णाकडून "मी तसं करणार नाही" अशी शपथ घेण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. तिचा भरवसा धरू नका. शपथ घेतलेल्या माणसाला लाट आल्यावर काय करायचं ते कळत नाही, आणि शपथ मोडतेय म्हणून तो सांगायलाही लाजतो.

पहिली पायरी म्हणजे धोक्याची खूण. "उदास वाटणं" असं लिहून भागत नाही. उदास तर ते रोजच असतात. ताईंनी मागच्या वाईट रात्रीची हकिकत संध्याकाळपासून पुढे क्रमानं विचारली. दुपारी पैशांसाठी फोन आला, संध्याकाळी ताट सरकवलं, लेकीनं हाक मारली तरी ओ दिली नाही, आणि मग डोक्यात ते वाक्य फिरू लागलं. कागदावर त्यांच्याच शब्दांत आलं: "जेवण नको वाटतं, लेकीशी बोलवत नाही, आणि 'माझ्याविना यांचं बरं चालेल' असं मनात येतं, तेव्हा हा कागद काढायचा." आपण घरावर भार झालोय ही भावना धोक्याची असते. घरात कुणी असं बोललं तर "काहीतरीच काय" म्हणून झटकू नका.

दुसरी पायरी एकट्यानं करायच्या गोष्टींची. तोंडावर गार पाणी मारणं, गुरांना वैरण टाकणं, मोबाइलवर भजन लावणं. इथे प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न लावायचा: हे रात्री अडीचला खरंच जमेल का, आणि आड काय येईल? भजनाला आड आलं ते असं, की फोन रात्री मुलाकडे असतो. मग फोन वडिलांच्या खाटेजवळ ठेवायचा, असं ठरलं.

तिसऱ्या पायरीत मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा येतात. तिथे दुखणं उघड करायची गरज नसते. वहीत नदी होती, ती मात्र कागदावर घेतली नाही. मन भरून आलं असताना एकट्यानं गाठायची निर्जन जागा या पायरीत कधीच बसत नाही, मग एरवी ती कितीही आवडीची असो. त्याऐवजी दिवसा चौकातली चहाची टपरी आणि रात्री वडिलांच्या खाटेशेजारची जागा लिहिली.

चौथ्या पायरीत ज्यांना खरं सांगता येईल अशी माणसं येतात. भाऊ जवळचा, पण मागाच्या खडखडाटात त्याला फोन ऐकू येत नाही. म्हणून रात्री आधी बायकोला उठवायचं आणि मग मामांना फोन करायचा, भाऊ दिवसासाठी. या तिघांना आधी विचारून घेतलं, कागदाची प्रतही दिली. काय बोलायचं तेही लिहून ठेवलं: "मामा, आज माझं मन ठीक नाही, माझ्याजवळ थांबा." त्या वेळी शब्द जुळवणं फार जड जातं. ऐकणाऱ्यानं उपदेश करू नये, कर्जाचा हिशेब काढू नये; जवळ बसावं.

पाचव्या पायरीत समुपदेशक आणि डॉक्टर यांचे क्रमांक, टेली-मानसचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक, आणि तातडीसाठी १०८ किंवा ११२. क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात हवेत, नुसते फोनमध्ये नकोत.

सहावी पायरी घरच्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. ती कागदावर शेवटी असली तरी अमलात त्याच दिवशी आणायची. फवारणीचं औषध घरात ठेवायचंच नाही. इथे ते मामांच्या शेतातल्या कुलुपाच्या पेटीत गेलं, किल्ली मामांकडे. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच काढायचं आणि उरलेलं त्याच दिवशी परत. नुसतं माळ्यावर टाकणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. नैराश्याच्या गोळ्या बायकोकडे राहतील, रोजची रोज हातात देईल. घरात दारू नको, कारण दारूनं विचार आणि कृती यांतला अडसर जातो. "त्याला मार्ग काढायचाच असेल तर काढेल" असं लोक म्हणतात. पण लाटेच्या वेळी साधन हाताशी नसेल तर पुष्कळ जण वाचतात, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

पायऱ्या क्रमानं चढायलाच हव्यात असं नाही. दुसरीनं भागलं नाही तर तिसरी, आणि आता आवरत नाही असं वाटलं तर थेट चौथी-पाचवी. माणूस नशेत असेल, भास होत असतील, निरवानिरव करू लागला असेल किंवा कसं करायचं ते ठरवून बसला असेल, तर कागदाच्या नादी लागू नका. त्याला क्षणभरही एकटं न सोडता जिल्हा रुग्णालयात न्या. प्रयत्न झालाच असेल तर पोलिसांच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला भरला जात नाही.

गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत काहींची हालचाल आधी वाढते आणि मनावरचं मळभ नंतर सरतं. त्या काळात लक्ष जास्त ठेवा. गोळ्या मनानं बंद करू नका.

कागद दर भेटीला सोबत आणायचा. वाईट रात्र येऊन गेली असेल तर कोणती पायरी कामाला आली आणि कोणती नाही, ते विचारून फेरफार करायचा. भावाची पाळी बदलली, मामा गावाला गेले, की चौथी पायरी त्याच दिवशी नव्यानं लिहायची. आणि फवारणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी किल्ली कुणाकडे आहे ते बायकोनं मामांना पुन्हा एकदा विचारायचं.