धान्य दुकानात आहे, पण घरात?

ताईंनो, अन्नसुरक्षेच्या चार बाजू सांगतात: उपलब्धता, पोहोच, खाल्लेलं अंगी लागणं आणि सातत्य. पहिल्या दोनांत गल्लत होते.

पेठचं पाच माणसांचं कुटुंब द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत येतं. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे महिन्याला 25 किलो धान्य मोफत. ते गावच्या दुकानात आलेलं असतं; ही उपलब्धता. पण आणायला जायचं तर गाडीभाडं आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणजे पोहोच नाही. धोरणावर लिहिताना नुसता गोदामातला साठा मोजला, तर हे कुटुंब दिसतच नाही!

त्याच कार्डावर दिंडोरीतल्या दुकानातही धान्य मिळतं. कार्डनंबर सांगून अंगठा लावायचा. आधार मात्र जोडलेलं हवं. ते गाव सोडण्याआधीच तपासून घ्या.