खुब्याच्या ऑपरेशननंतर नुसती पेज पुरत नाही

आमच्या शेजारच्या ७२ वर्षांच्या आजी मोरीत घसरल्या, खुबा मोडला. ऑपरेशन दोनदा पुढं ढकललं आणि दोन्ही दिवस त्या उपाशी. वेळ बदलली की लगेच सिस्टरला विचारायचं, ‘आता जेवण देऊ का?’

घरी आल्यावर चहा-बिस्किट, पेज, पातळ वरण सुरू झालं. त्यात दिवसाला जेमतेम २० ग्रॅम प्रोटीन. आजींचं वजन ४५ किलो. जखम भरायला, मांडीत ताकद यायला किलोमागे निदान १.२ ग्रॅम, म्हणजे ५४ ग्रॅम लागतं. मग दोन अंडी, अर्धा लिटर दूध आणि वाटीभर घट्ट डाळ वाढवली. एवढं जात नसेल तर प्रोटीन पावडर दुधातून द्या. पण डबा वाचून घ्या, काहींत साखरच जास्त. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एकच असते. आजींना ती लागोपाठ दोन दिवस दिली गेली! रोज देत राहिलं तर मळमळ, बद्धकोष्ठ, बरळणं सुरू होऊ शकतं.

उभं राहता आलं की दर आठवड्याला वजन करा. ते उतरत राहिलं, जखमेतून पाणी आलं किंवा एक पोटरी सुजली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखान्यात न्या.