काचपट्ट्या मिळाल्या, ब्लॉकही मागा

प्रश्न : आईच्या स्तनातील गाठीची बायोप्सी लातूरला झाली. रिपोर्टमध्ये कर्करोग आणि ‘हर-टू २+’ असे आहे. मुंबईत दुसरे मत घ्यायचे आहे. लॅब फक्त काचपट्ट्या देते आहे. तेवढ्या पुरतील का?

उत्तर : पुरणार नाहीत. कर्करोग आहे का आणि कोणत्या प्रकारचा, हे तज्ज्ञ रंगवलेल्या काचपट्ट्यांवरून पुन्हा तपासू शकतात. पण हर-टू २+ म्हणजे ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. त्याचा निकाल बहुधा फिश चाचणीने लागतो आणि हर-टूवरचे औषध द्यायचे की नाही, ते त्यावर ठरते. या चाचणीसाठी ऊतीचे नवे पातळ काप लागतात. ते मेणाच्या ब्लॉकमधूनच निघतात.

म्हणून लॅबला बायोप्सी क्रमांक घालून लेखी अर्ज द्या. त्यात काचपट्ट्या, ब्लॉक आणि मूळ रिपोर्टची प्रत मागा. नमुना फॉर्मलिनमध्ये किती तास होता, हेही लिहून घ्या. साधारण ६ ते ७२ तास योग्य मानतात. त्याहून कमी-जास्त झाल्यास निकाल फसवा येऊ शकतो. ब्लॉक द्यायला लॅब तयार नसेल, तर त्यातून कापलेल्या न रंगवलेल्या, लेप दिलेल्या काचपट्ट्या मागा. किती हव्यात, ते मुंबईच्या लॅबला आधी विचारा.

हाती आल्यावर प्रत्येक काचेवरचा आणि ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टशी जुळवा. अदलाबदल इथेच पकडता येते. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. तपासणीनंतर उरलेला ब्लॉक आठवणीने परत घ्या. सुईच्या बायोप्सीत ऊती थोडीच असते आणि पुढच्या चाचण्यांनाही तीच लागेल.