कायद्यातील समस्याप्रधान उत्तराची तपासणी : मुद्दा, नियम, उपयोजन आणि निष्कर्ष

प्रस्तावना

कायद्याच्या परीक्षेत एक घटना देऊन पक्षकारांचे दायित्व विचारले जाते. अशा उत्तराचे चार भाग असतात. वादाचा मुद्दा, त्याला लागू होणारा नियम, त्या नियमाचे दिलेल्या तथ्यांवरील उपयोजन आणि निष्कर्ष हे ते भाग होत. लिहून झालेल्या उत्तरात हे भाग खरोखर आहेत का, हे कसे तपासावे याचा विचार या घटकात एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधारे करू.

तथ्ये

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयात जुलै 1963 मध्ये एक स्त्री प्रसूतीसाठी दाखल झाली. प्रसूतीनंतर 13 जुलै रोजी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पुढे तिला ताप व वेदना सुरू झाल्या. 19 जुलैला पोट पुन्हा उघडले असता आत टॉवेल राहिल्याचे आढळले. 24 जुलैला तिचा मृत्यू झाला. या घटनेतून उद्भवलेल्या ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिला.

नमुना उत्तर

शासन नुकसानभरपाई देण्यास जबाबदार आहे काय, या प्रश्नाला एका विद्यार्थ्याने पुढील उत्तर लिहिले आहे, असे समजू : “पोटात टॉवेल विसरणे ही अत्यंत गंभीर बाब आहे. येथे ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व लागू होते. डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाचा मृत्यू झाला. म्हणून शासनाने भरपाई द्यावी.”

उत्तराचा निष्कर्ष योग्य आहे. तरीही ते अपुरे का, हे क्रमाने पाहू.

तपासणी

पहिली पायरी मुद्द्यांची आहे. प्रतिवादी पक्ष कोणकोणती हरकत घेईल, असा प्रश्न विचारला की मुद्दे सापडतात. येथे शासन तीन हरकती घेऊ शकते : निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही; मृत्यू दुसऱ्या शस्त्रक्रियेमुळे झाला; आणि रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य जबाबदार नाही. नमुना उत्तरात पहिल्या हरकतीचा केवळ स्पर्श आहे. उरलेल्या दोहोंचा उल्लेखही नाही. “म्हणून” या एका शब्दाने विद्यार्थी डॉक्टरांवरून थेट शासनावर उडी घेतो.

दुसरी पायरी नियमाची. तत्त्वाचे नाव सांगणे म्हणजे नियम सांगणे नव्हे. त्याच्या अटी सांगाव्या लागतात. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार एरवी वादीवर असतो. परंतु जी घटना निष्काळजीपणाशिवाय सहसा घडत नाही आणि जिचे साधन प्रतिवादीच्या ताब्यात असते, तिचे स्पष्टीकरण प्रतिवादीने द्यावे, असे ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व सांगते. सेवकाने सेवेच्या ओघात केलेल्या अपकृत्यास मालक जबाबदार असतो, हा दुसरा नियम येथे हवा होता.

तिसरी पायरी उपयोजनाची असून सर्वाधिक उत्तरे येथेच अडतात. ती तपासण्याची एक सोपी रीत आहे. एक तथ्य मनातल्या मनात बदलावे. पोटात टॉवेल आढळलाच नाही, केवळ शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला, असे समजावे. रुग्ण दगावला एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, हे याच निर्णयात स्पष्ट केले आहे. म्हणजे तथ्य बदलताच कायद्याचे उत्तर बदलते. पण “डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे रुग्णाचा मृत्यू झाला” हे विद्यार्थ्याचे वाक्य मात्र जसेच्या तसे उभे राहते. तथ्य बदलूनही जे वाक्य हलत नाही, त्यात उपयोजन नाही, असे समजावे. त्याऐवजी असे लिहिता येईल : “शस्त्रक्रियेतील टॉवेल डॉक्टर व परिचारिकांच्या ताब्यात असतो, पुरेशी काळजी घेतल्यास तो पोटात राहत नाही, त्यामुळे स्पष्टीकरणाचा भार रुग्णालयावर येतो. टॉवेल राहिला नसता तर दुसरी शस्त्रक्रियाच करावी लागली नसती. म्हणून मृत्यूचे मूळ पहिल्या चुकीतच आहे.”

चौथी पायरी निष्कर्षाची. प्रत्येक मुद्द्याला त्याचा स्वतंत्र निष्कर्ष मिळाला आहे का, ते पाहावे. सार्वभौम कार्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने राज्याला जबाबदार धरले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र रुग्णालय चालवणे हे कल्याणकारी कार्य असून सार्वभौम नाही, असे ठरवून राज्यावर दायित्व ठेवले. ज्या मुद्द्यावर दोन न्यायालयांत मतभेद झाला, नेमका तोच मुद्दा नमुना उत्तरातून निसटला आहे.

स्वाध्याय

टॉवेल नेमका कोणाच्या हातून राहिला हे सिद्ध झाले नाही, असे समजा. राज्याचे दायित्व टिकेल काय? उत्तर लिहून वरील चार पायऱ्यांनी ते स्वतः तपासा.