व्हिडिओ केवायसी: तुम्ही तिकडे, आईबाबा चिंचणीत

नव्याने परदेशी आलेल्यांचा पहिल्या महिन्यातला एक प्रश्न ठरलेला असतो: 'गावी आईच्या नावाने ऑनलाइन खातं उघडायचं आहे, इथून बसून करून टाकू का?' करता येत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये व्हिडिओवरून ओळख पटवायला परवानगी दिली, पण ग्राहक त्या क्षणी भारतातच हजर हवा. फोनचं लोकेशन नोंदलं जातं आणि परदेशी आयपी पत्ता अडवला जातो. व्हीपीएन लावून भारताचा पत्ता दाखवला तरी बनावट पत्ते ओळखणं बँकेवर बंधनकारकच आहे. स्वतःचं खातं उघडायचं राहिलं असेल, तर विमानात बसण्यापूर्वी उरका, आणि नोकरीला निघाल्यावर ते एनआरओ करून घ्यायचं हेही विसरू नका. कंपनीच्या फोनवर व्हीपीएन बऱ्याचदा आपोआप सुरू असतं, म्हणून कॉल घरच्या फोनवरूनच लावा.

आता आईचं. बरेच कॉल आपल्यामुळेच फसतात. तुम्ही दुसऱ्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवरून ऐकत असता, बँकेचा अधिकारी जन्मतारीख विचारतो आणि तुम्ही मागून उत्तर पुरवता. ग्राहकाला कुणी सांगतंय असं दिसलं की अर्ज नाकारायचा, असा नियमच आहे. शेजारच्या मुलाने फोन धरून दिला तरी उत्तरं आईचीच हवीत. प्रश्नांचा क्रमही मुद्दाम बदलता ठेवलेला असतो, कारण आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पकडायचा असतो. म्हणून पाठांतर करून घेऊ नका. खातं कशासाठी हवं, पैसे कुठून येणार, एवढं तिला आपल्या शब्दांत सांगता आलं की झालं.

चिंचणीकरांनी एक गोष्ट आधीच बघून ठेवावी. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधी काढलेल्या आधारवर 'जिल्हा ठाणे' असतं. अधिकारी पत्ता विचारतो, आई सहज 'पालघर' म्हणते, आणि समोरच्याच्या पडद्यावर ठाणे! 'गाव तेच, आमचा जिल्हा बदलला,' एवढं तिने शांतपणे सांगितलं तर बहुधा निभावतं. वेळ असेल तर आधारवरचा पत्ता आधी सुधारून घेतलेला बरा.

कागदांत पॅनकार्ड मूळच लागतं. ई-पॅन असेल तर ते डिजिटल स्वरूपातच द्यायचं. त्याची रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलेली या कामात चालत नाही, आणि गावात नेमकी तीच जपून ठेवलेली असते. आधारसाठी ओटीपी येतो, तेव्हा आधारला जोडलेला नंबर चालू हवा. तो बंद पडलेल्या सिमचा असेल तर आधी आधार केंद्र गाठा. आधारची पडताळणी आणि व्हिडिओ कॉल यांत तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आधारचं पाऊल आज करून कॉल पुढच्या आठवड्यावर ढकलला, तर ते पुन्हा करावं लागतं. सहीसाठी कोरा पांढरा कागद आणि निळं किंवा काळं पेन जवळ ठेवा, बऱ्याच बँका मागतात.

जागा ओटीवरची चांगली, पण बाहेर पाठ करून बसायचं नाही. मागे उजेड असला की चेहरा काळा पडतो आणि आधारवरच्या फोटोशी जुळत नाही. तोंड दाराकडे, उजेड समोरून, असं बसवा. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की माइकमध्ये नुसती घरघर ऐकू येते, म्हणून सकाळ बरी. जाड भिंतींच्या माजघरात लोकेशन पटकन सापडत नाही. आधी नकाशा उघडून निळा ठिपका घरावर येतोय का ते पाहा.

पॅनकार्ड दाखवताना खरी कसोटी लागते. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतो आणि नेमका नंबरच त्याखाली जातो. कार्ड कडांनी धरायचं, फोनपासून वीतभर अंतरावर, वरची कड किंचित पुढे झुकवून. पट्टा नंबरवरून सरकताना दिसतो. फ्लॅश लावू नये, चमक आणखी वाढते. फोनमध्ये अक्षरं उलटी दिसली तरी घाबरून कार्ड फिरवू नये, बँकेला ती सहसा सरळच दिसतात.

कॉल मधेच तुटला तर नवं सत्र सुरू करावं लागतं. जिथे सोडलं तिथून पुढे जाता येत नाही. आणि 'पूर्ण झालं' असा संदेश आला म्हणून लगेच पैसे पाठवू नका. रेकॉर्डिंगची बँकेत पुन्हा तपासणी होते आणि त्यानंतरच खातं चालू होतं. तोपर्यंत थांबा, मग आधी शंभर रुपये पाठवून बघा.