वहीत कळांची वेळ लिही

चि. सौ. मुक्तास,


तू पाठवलेलं वहीचं पान वाचलं. रात्री दोनला उठून डबे घासलेस, धुतलेली दुपटी पुन्हा धुतलीस आणि खाली लिहिलंस, ‘आता सुटका होऊ दे.’ अडतिसाव्या आठवड्यात घर आवरायची अशी ओढ बऱ्याच जणींना लागते, पण म्हणून कळा जवळ आल्या असं धरू नकोस. आवरायचं ते बसून आवर, स्टुलावर चढू नकोस. अल क्वोजच्या उन्हाळ्यात तुमच्या खिडक्या बंद असतात, तेव्हा न्हाणीघर धुताना ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नकोस. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

त्याच पानावर एक मोलाची नोंद आहे. रात्री अकराला पोट कडक झालं, मग वीस मिनिटांनी, मग आठ, मग पस्तीस. पाणी पिऊन कुशीवर निजलीस आणि थांबलं. या खोट्या कळा. दिवसभराच्या उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की त्या जास्त येतात. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो, आणि चाललं काय, निजलं काय, त्या थांबत नाहीत. पाठीतून पोटाकडे येतात आणि भर कळेत बोलणं सुचत नाही. म्हणून प्रत्येक कळ कधी सुरू झाली आणि किती टिकली ते लिही. दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. संध्याकाळ असेल तर त्याआधीच, कारण शेख झायेद रोडवरची गर्दी तुला ठाऊक आहे.

काही वेळा मात्र कळांची वाट पाहायची नाही. पाणमोट फुटली, रक्त गेलं, तर लगेच निघा. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असते, ते डॉक्टरांना आधी सांग. बाळाची हालचाल मंद वाटली तर डाव्या कुशीवर पडून मोज. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर रात्र असो वा पहाट, दवाखाना गाठ. रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ फ्रिजवर चिकटवून ठेव. पासपोर्ट, एमिरेट्स आयडी आणि लग्नाचा दाखला बाळंतविड्याच्याच पिशवीत असू दे.

शेजारणीने सुचवलेलं एरंडेल घेऊ नकोस. त्याने जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, आणि कळा येतीलच असं नाही. तुला दिलेली तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली असते. नेमक्या त्या दिवशी विसातलं एखादंच बाळ येतं, आणि पहिलटकरणीचे दिवस बरेचदा थोडे पुढे जातात. एकेचाळीस आठवडे भरले तर कळा सुरू करायच्या का, हे डॉक्टर तुझ्याशी बोलतील. तोवर दुपारी झोप. रात्रीची झोप तुटतेच आहे, आणि कळा सोसायला अंगात ताकद लागेल.

आजपासून पानाच्या डाव्या बाजूला वेळ लिही, उजवीकडे मनातलं. दोन्ही मला पाठव.

तुझी,
मावशी