पाचव्या दिवशी विचारलेला प्रश्न

मुलगा-सून पुण्याला गेले आणि अहिल्यानगरच्या सावेडीतल्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा पडला. दोन खोल्या, गॅलरी, जिना बाहेरून. घर भाड्याने द्यायची माझी पहिलीच वेळ. खालचा गाळा ‘ह्यांनी’ हयात असताना एका ओळखीच्या शिंप्याला दिला होता, पण त्या व्यवहारात मी कधी पडले नव्हते.

नांदेडकडचं एक तरुण जोडपं आलं. तो नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला, ती घरीच. माणसं चांगली वाटली, डिपॉझिट घेतलं, किल्ली दिली. पाचव्या दिवशी शेजारचे भाऊ फाटकातूनच म्हणाले, “मॅडम, बाहेरगावची माणसं ठेवलीत, पोलिसांत नोंद केली का?” मला धस्स झालं. मी तशीच वर गेले. दारात उभी राहून म्हणाले, “अहो, तुमचं पोलीस व्हेरिफिकेशन करून आणून द्या.”

घरात त्याची सासू आलेली होती. तो बाहेर आला, दार अर्धं लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, “काकू, आमच्याबद्दल कुणी काही बोललं का?” मी नाही म्हणाले. मग त्याने विचारलं, “खालच्या टेलरकडूनही घेतलंय का?”

घेतलं नव्हतं. कारण तो ‘आपला’ होता.

कागद त्याने दिले, पण त्या दिवसानंतर त्याची बायको माझ्याशी जिन्यात बोलायची थांबली. दोन महिन्यांनी त्यांनी खोली सोडली. भाडं एक दिवसही थकवलं नव्हतं.

माझ्या एका वाक्यात तीन चुका होत्या आणि त्या मला नंतर, एकेक करून कळल्या.

पहिली चूक म्हणजे मी त्याचं काम नसलेलं काम त्याच्यावर ढकललं. ज्याला आपण सरसकट ‘व्हेरिफिकेशन’ म्हणतो, ती खरं तर भाडेकरूची माहिती असते आणि ती घरमालकाने पोलिसांना द्यायची असते. नोकरीसाठी वगैरे लागणारी चारित्र्य पडताळणी वेगळी. तिचा अर्ज ज्याचा तो करतो, त्याचे पैसे भरतो. ‘पडताळणी करून आणा’ म्हटलं की समोरच्याला ती दुसरी गोष्ट ऐकू येते, म्हणजे आधी निर्दोष असल्याचा दाखला आणा, मग राहा.

दुसरी चूक वेळेची. हाच प्रश्न पहिल्या फोनवर विचारला असता, तर भाडं किती, पाणी किती वाजता येतं, याच रांगेत तो बसला असता. सामान लावून झाल्यावर विचारलं की मधल्या काळात काहीतरी घडलंय, असाच अर्थ निघतो. आणि माझ्या बाबतीत तो खोटाही नव्हता. शेजाऱ्याने टोकलं म्हणूनच मी वर गेले होते.

तिसरी चूक त्याच्या टेलरबद्दलच्या प्रश्नाने दाखवून दिली. सगळ्यांना विचारलं तर तो घराचा नियम, आणि आडनाव किंवा गाव पाहून विचारलं तर तो संशयच. गोड बोलून तो लपत नाही. म्हणून नवा भाडेकरू बघण्याआधी मी खाली जाऊन टेलरचे कागद घेतले. ते हसले, पण दिले.

आता कायद्याचं थोडं. ‘पोलीस नोंद नाही केली तर जेल’ असं लोक ठोकून देतात. भाडेकरूची माहिती द्या, असे आदेश मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त काढतात. आपल्याकडे आयुक्तालय नाही, म्हणून असा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून निघतो. हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचे, म्हणजे पूर्वीच्या 144 चे. ते साधारणपणे दोन महिनेच चालतात आणि मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागू शकतं. त्यामुळे सध्या आदेश आहे का, हे आपल्या पोलीस ठाण्यातच विचारावं. सावेडीला तोफखाना ठाणं आहे. आदेश नसला तरी माहिती देता येते, आणि मी देतेच.

भाडेकराराचं मात्र कायमचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरतात. मला हा करारच सोयीचा पडला, कारण पोलिसांच्या अर्जाला लागणारे बहुतेक कागद त्यासाठी काढावेच लागतात. एकदाच मागायचे, दोन्हीकडे वापरायचे.

पुढच्या भाडेकरूचा फोन आला तेव्हा मी भाडं सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, “करार रजिस्टर करते, आणि राहायला यायच्या आधी पोलिसांकडे माहितीही मीच भरते. खालच्या दुकानदाराचीही भरली आहे. तुम्ही फक्त फोटो, एक ओळखपत्र, गावाचा पत्ता आणि ओळखीच्या दोघांचे नंबर द्या.” तो म्हणाला, “बरं. पार्किंग आहे का?”

अर्ज citizen.mahapolice.gov.in वर घरी बसून भरता येतो. जिल्ह्याच्या यादीत अहमदनगर आणि अहिल्यानगर, दोन्ही नावांनी शोधा. मी तो भाडेकरूला शेजारी बसवून भरला. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय हे त्याला दिसलं, आणि माझीही एक चूक टळली. त्याच्या ओळखपत्रावरचा पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा होता, गावाचा नव्हे. ओळखपत्राच्या प्रतीवर ‘फक्त भाडेकरू माहितीसाठी’ आणि तारीख त्याच्याच हातून आडवी लिहून घेतली. ती प्रत झेरॉक्सवाल्याकडे, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडू द्यायची नाही. कागद मागणाऱ्याने एवढं पाळावं. एजंटमार्फत करार केलात तर ‘व्हेरिफिकेशन झालं’ या शब्दावर थांबू नका, भरलेल्या अर्जाची प्रत मागा आणि नावं वाचून पाहा.

पोच मिळाली म्हणजे पोलिसांनी माणूस चांगला असल्याची हमी दिली, असं मात्र नाही. माहिती पोहोचली, एवढाच तिचा अर्थ. माणसाची पारख आपल्यालाच करावी लागते. दिलेल्या दोन्ही नंबरांवर फोन करा आणि आधीच्या घरमालकाशी बोला. राहणार किती जण, हा प्रश्न नेमका विचारा, कारण खोली एकाच्या नावावर आणि झोपायला चौघे, ही गोष्ट एमआयडीसीच्या आसपास नवी नाही. त्यात गुन्हा असतोच असं नाही, पण उरलेल्या तिघांची नावं तुमच्या कागदात नसतात. कुणी कागद द्यायला ‘बघू, देतो’ करत राहिला, तर भांडू नका, फक्त किल्ली देऊ नका. किल्ली दिल्यावर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही.

माणसं बदलली की माहितीही बदलून द्यावी लागते. गेल्या दिवाळीनंतर वरच्या मजल्यावरच्यांचा धाकटा भाऊ इथे शिकायला आला. सकाळी मी अंगणात सडा घालत होते, तेव्हा त्याच्या वहिनीने गॅलरीतूनच विचारलं, “काकू, ह्याचे फोटो एक लागतील की दोन?”